‘काळजीपूर्वक’ हा शब्द खोडा: तांब्याच्या चक्राची सुरक्षा-यादी करताना

प्रयोगाची पुस्तिका घडणाऱ्या क्रमाने लिहिलेली असते. आधी तांबे तोला, मग आम्ल घाला, मग तापवा, आणि सगळ्यात शेवटी, कधीकधी पान संपताना, ‘उरलेली द्रावणे योग्य रीतीने टाका’. सुरक्षेची यादी या क्रमाने लिहिता येत नाही. टाकाऊ द्रावणाची बाटली लेबल लावून तयार नसेल, तर तांबे तोलायलाच घ्यायचे नाही. यादी करताना पुस्तिकेतली वाक्ये नुसती छोटी केली, तर हाती फक्त छोटी पुस्तिका येते. यादी करायची म्हणजे कोणती गोष्ट आधी व्हायला हवी हे नव्याने ठरवायचे.

हे सगळे एकाच प्रयोगावर दाखवतो, तो म्हणजे तांब्याचे चक्र. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला बहुतेक ठिकाणी तो असतो. तांबे नायट्रिक आम्लात विरघळते, सोडियम हायड्रॉक्साइडने निळे कॉपर हायड्रॉक्साइड मिळते, तापवल्यावर ते काळे कॉपर ऑक्साइड होते, सल्फ्युरिक आम्लाने कॉपर सल्फेट बनते आणि शेवटी जस्त टाकले की तांबे परत मिळते. दिसायला देखणा प्रयोग आहे, आणि विषारी वायू, दाहक आम्ल, उसळणारे द्रावण, ज्वलनशील वायू आणि जलचरांना घातक टाकाऊ द्रावण या पाच वेगळ्या धोक्यांचा अनुभव तो एकाच दुपारी देतो.

पुस्तिका साधारण असे सांगते: ०.५ ग्रॅम तांब्याची तार घ्या. तीवर ४ मिली संहत नायट्रिक आम्ल काळजीपूर्वक टाका. वायू येणे थांबल्यावर १०० मिली पाणी घाला. ३ M सोडियम हायड्रॉक्साइड ३० मिली घाला. हलकेच उकळा. काळा अवक्षेप गरम पाण्याने धुवा. ६ M सल्फ्युरिक आम्ल १५ मिली घाला. २ ग्रॅम जस्त घाला. मिळालेले तांबे धुऊन ॲसिटोनने वाळवा.

आधी लाल पेन घ्या

पहिले काम म्हणजे पुस्तिकेतले सगळे अस्पष्ट शब्द गोल करणे: ‘काळजीपूर्वक’, ‘हलकेच’, ‘योग्य’, ‘आवश्यक तेवढे’, ‘पुरेसे’. असा शब्द दिसला की तिथे लेखकाला धोका माहीत होता, पण करायचे काय ते त्याने सांगितले नाही, असे समजा. विद्यार्थी तो शब्द वाचून मान डोलावतो आणि आधी करणार होता तेच करतो.

प्रत्येक गोलाच्या जागी तीनांपैकी एक गोष्ट यायला हवी: आकडा, डोळ्यांनी दिसणारी खूण किंवा थांबण्याची अट. ‘काळजीपूर्वक टाका’च्या जागी ‘फ्यूम हूडची, म्हणजे वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटाची, काच खाली, एका वेळी पाच थेंब, बुडबुडे ओसरल्यावर पुढचे पाच’. ‘हलकेच उकळा’च्या जागी ‘सतत ढवळत, पहिली वाफ दिसली की आच कमी, बीकर सोडून जायचे नाही’. शब्द वाढतील. चालेल. ज्या ओळीतून शेजारचा माणूस ‘हो, केले’ किंवा ‘नाही केले’ एवढेच सांगू शकत नाही, ती ओळ यादीतली नव्हे.

दुसरे काम: किती बाहेर येते ते मोजा

बहुतेक याद्या इथेच कच्च्या राहतात. धोक्याच्या रकान्यात ‘विषारी वायू’ लिहून लोक पुढे जातात. किती वायू, हे कुणी काढत नाही, आणि त्यामुळे फ्यूम हूड ‘असल्यास वापरा’ अशा स्वरूपात राहतो.

हिशेब पाच मिनिटांचा आहे. अभिक्रिया अशी:

Cu + 4HNO₃ → Cu(NO₃)₂ + 2NO₂ + 2H₂O

०.५ ग्रॅम तांबे म्हणजे सुमारे ७.९ मिलीमोल. त्याच्या दुप्पट, म्हणजे १५.७ मिलीमोल नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. खोलीच्या तापमानाला त्याचे आकारमान सुमारे ३८५ मिली होते. एका गटाचे ठीक वाटते. पण १५ गट एकाच वेळी हा प्रयोग करत असतील, तर जवळजवळ ५.८ लिटर. प्रयोगशाळा २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर हवेची, असे धरले तर सगळा वायू खोलीत मिसळल्यावर सुमारे २९ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २९ भाग, होतात. अमेरिकेतील नायोश या संस्थेची शिफारस अशी की १५ मिनिटांच्या संपर्कातही सरासरी १ पीपीएमच्या वर जाऊ नये. आपण त्याच्या जवळपास तीस पट वर आहोत, तेही खिडक्या बंद धरून. खिडक्या उघडल्या तर आकडा उतरेल, पण बीकरवर वाकलेल्या विद्यार्थ्याच्या नाकाशी तो २९पेक्षा कितीतरी जास्त असतो.

या वायूची आणखी एक खोड यादीत यायलाच हवी. श्वासात गेल्यावर लगेच फक्त खोकला आणि डोळ्यांची चुरचुर जाणवते, कधी तीही नाही. फुप्फुसात पाणी भरण्याचा त्रास काही तासांनी सुरू होतो. म्हणून ‘आता बरे वाटते’ म्हणणाऱ्याला घरी पाठवायचे नाही, डॉक्टरकडे न्यायचे, आणि कोणत्या वायूचा संपर्क झाला ते लिहून द्यायचे. ही ओळ मी यादीच्या प्रथमोपचाराच्या चौकटीत ठेवतो, कारण संध्याकाळी घरच्यांना किंवा डॉक्टरांना हा वायू कोणता ते सांगणारे दुसरे कुणीच नसते.

तिसरे काम: धोका टाळता येतो का, कमी होतो का

उपाय लिहिण्याचा एक ठरलेला क्रम आहे. आधी धोका काढून टाकता येतो का ते पाहायचे, मग बदलता येतो का, मग फ्यूम हूडसारखी यंत्रणा, मग कामाची पद्धत, आणि सर्वांत शेवटी गॉगल-हातमोजे. बहुतेक पुस्तिका शेवटून सुरुवात करतात, कारण ते लिहायला सर्वांत सोपे.

या प्रयोगात दोन गोष्टी सहज निघून जातात. पहिली ॲसिटोन. ओले तांबे लवकर वाळावे एवढ्यासाठी ते आहे. ते वजा २० अंश सेल्सिअसच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ देते, आणि शेजारच्या टेबलावर हॉट प्लेट सुरू असते. शिवाय ॲसिटोन चुकून नायट्रिक आम्लाच्या बाटलीत गेले तर ती बाटली फुटू शकते. त्यापेक्षा तांबे पाण्याने धुवा, वॉच ग्लासवर पसरून दुसऱ्या दिवसापर्यंत सावलीत वाळू द्या. ओव्हनची घाई केली आणि तापमान जास्त गेले, तर तांबे काळपट पडते आणि उत्पन्न चुकीचे जास्त दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रमाण. सगळे पाचपटीने कमी करा: ०.१ ग्रॅम तांबे, ०.८ मिली नायट्रिक आम्ल, २० मिली पाणी, ६ मिली सोडियम हायड्रॉक्साइड, ३ मिली सल्फ्युरिक आम्ल, ०.४ ग्रॅम जस्त. चक्र तसेच दिसते, रंग तसेच बदलतात. नायट्रोजन डायऑक्साइड आता गटामागे सुमारे ७७ मिली. मात्र इथेच थांबून ‘आता हूड नको’ म्हणू नका. १५ गटांचा हिशेब पुन्हा केला तर त्याच खोलीत सुमारे ६ पीपीएम येतात, म्हणजे शिफारशीच्या सहापट. प्रमाण कमी केल्याने हूडवरचा भार कमी होतो, गरज संपत नाही. शिवाय ०.१ ग्रॅमसाठी मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू लागतो.

हूडच नसेल तर? तर विरघळवण्याची पायरीच सोडा. सुमारे ०.३८ ग्रॅम कॉपर नायट्रेट ट्रायहायड्रेट पाण्यात विरघळवून दुसऱ्या पायरीपासून सुरू करा. त्यात ०.१ ग्रॅमइतकेच तांबे असते. विद्यार्थ्यांना तपकिरी वायू दिसणार नाही, हे खरे. पण हूडशिवाय तो दाखवणे हा शिकवण्याचा प्रकार नव्हे.

आता साहित्य, पण त्यापुढे एक जादा रकाना

साहित्याची यादी पुस्तिकेतही असते. आपण तिच्यात दोन गोष्टी जोडायच्या: पदार्थ कोणत्या अवस्थेत टेबलावर येतो आणि तो कोण देतो. संहत नायट्रिक आम्लाची अडीच लिटरची बाटली विद्यार्थ्यांच्या टेबलावर ठेवायची नाही. प्रयोगशाळा सहायक हूडमध्येच गटामागे ०.८ मिली काढून देतो. रबरी फुगा असलेला ड्रॉपर त्यासाठी नको, वाफेने रबर खराब होते. प्लास्टिकचा एकसंध ड्रॉपर बरा. सल्फ्युरिक आम्ल ६ M करूनच यायला हवे, म्हणजे संहत आम्ल पाण्यात ओतायचे काम वर्गात होतच नाही. जस्त दाणेदार घ्या. बारीक भुकटी स्वतःच पेट घेऊ शकते आणि वायूही फार झपाट्याने सोडते.

धोक्याची माहिती पुस्तिकेतून नव्हे, बाटली देणाऱ्या कंपनीच्या सुरक्षा माहितीपत्रकातून घ्या. त्याचे १६ विभाग असतात. सगळे वाचायचे नाहीत. विभाग २ मध्ये धोके, ४ मध्ये प्रथमोपचार, ८ मध्ये हातमोजे आणि मास्क, १० मध्ये कशाशी मिसळू नये, १३ मध्ये विल्हेवाट. या पाचांतून जे मिळेल तेच यादीत. मुख्य म्हणजे विभाग १० कधी सोडू नका, कारण एका पदार्थाचा धोका सगळ्यांना पाठ असतो, दोन पदार्थ एकत्र आल्यावरचा नसतो.

हातमोज्यांबद्दल एक टीप. पातळ निळे नायट्राइल हातमोजे संहत नायट्रिक आम्लाच्या थेंबाला थोडा वेळच टिकतात. थेंब पडला की हातमोजा लगेच काढायचा आणि हात धुवायचा, असे यादीत स्पष्ट लिहा. ‘हातमोजे घातले’ यावर खूण करून लोक निर्धास्त होतात. बाटलीतून ओतणाऱ्या सहायकाला निओप्रीनचे किंवा ब्युटाइल रबराचे जाड हातमोजे द्या. आणि डोळ्यांना बाजूंनी बंद असणारे गॉगल, नुसता चष्मा नव्हे.

पायऱ्या लिहिताना

एक वाचतो आणि दुसरा करतो, असे जोडीने चालायचे. वाचणारा ओळ वाचतो, करणारा करून ‘झाले’ म्हणतो, मगच खूण. स्वतः वाचून स्वतःच खूण करणारा माणूस दहाव्या मिनिटाला सगळ्या खुणा एकदम करतो.

सुरुवातीच्या तयारीची आणि पहिल्या टप्प्याची यादी माझ्याकडे अशी दिसते:

```
सुरू करण्यापूर्वी
[ ] टाकाऊ बाटल्या अ, ब, क: लेबल लावलेल्या, हाताशी
[ ] हूडच्या तोंडाशी टिशूची पट्टी आत ओढली जाते
[ ] डोळे धुण्याचा नळ १० सेकंद चालवून पाहिला
[ ] सोडा बायकार्बोनेटचा डबा उघडून पाहिला

टप्पा १: तांबे + नायट्रिक आम्ल (हूडमध्येच)
[ ] काच खूणपट्टीपर्यंत खाली, डोके बाहेर
[ ] ०.१ ग्रॅम तार १०० मिली बीकरमध्ये
[ ] ५ थेंब आम्ल. तपकिरी वायू ओसरू द्या. पुन्हा ५
थांबा: वायू काचेबाहेर दिसला तर हात मागे,
       खोली सोडा, शिक्षकांना सांगा
[ ] तार दिसेनाशी, द्रावण निळे-हिरवे
[ ] हूडमध्येच २० मिली पाणी. मगच बीकर बाहेर
```

शेवटच्या ओळीकडे पाहा. पुस्तिकेत ‘पाणी घाला’ एवढेच आहे, आणि मुले पाणी घ्यायला बीकर घेऊन सिंककडे निघतात. बीकरमध्ये अजून तपकिरी वायू असतो. म्हणून पाण्याची बाटली हूडमध्ये आधीच ठेवायची. यादीतल्या अशा ओळी पुस्तिका वाचून सुचत नाहीत, मुलांच्या हालचाली पाहून सुचतात. म्हणून पहिला मसुदा झाल्यावर आम्लाऐवजी साधे पाणी घेऊन एकदा सगळा प्रयोग करा. कोण कुठे चालत जातो, कुणाचा हात कुठे पोचत नाही, ते लगेच दिसते.

सोडियम हायड्रॉक्साइडच्या टप्प्यात उष्णता निघते, म्हणून ते ढवळत थोडे थोडे घालायचे. किती घालायचे याची खूण लिटमसवर ठेवा: लाल कागद ठळक निळा झाला पाहिजे. कमी पडले तर वरचे पाणी निळसर राहते, आणि ते निळसर पाणी टाकाऊ बाटलीत गेले की तांबेही तिथेच जाते.

उकळण्याच्या टप्प्यात खरा धोका उसळी मारण्याचा आहे. निळा अवक्षेप जेलीसारखा असतो, खाली वाफ अडकते आणि गरम आम्लारीयुक्त द्रावण अचानक बाहेर फेकले जाते. डोळ्याला सोडियम हायड्रॉक्साइड आम्लापेक्षा वाईट, ते आत शिरत जाते. सतत ढवळणे हाच उपाय, आणि अवक्षेप सगळा काळा झाला की आच बंद. निळ्या गाठी उरल्या असतील तर अजून दोन मिनिटे. डोळ्यात गेलेच तर लगेच नळाखाली, पापण्या उघड्या धरून १५ मिनिटे, आणि त्यानंतर डॉक्टर. घड्याळ लावून. पंधरा मिनिटे किती मोठी असतात याची कल्पना घड्याळ पाहिल्याशिवाय येत नाही.

जस्त आणि बंद झाकण

आता त्या टप्प्याकडे, जिथे मला स्वतःला धडा मिळाला. जस्त सल्फ्युरिक आम्लात टाकले की दोन गोष्टी होतात: तांबे खाली बसते आणि उरलेले जस्त आम्लाशी अभिक्रिया करून हायड्रोजन सोडते. मूळ प्रमाणात, २ ग्रॅम जस्तापैकी जेमतेम अर्धा ग्रॅम तांब्यासाठी लागते, उरलेले हायड्रोजन करते. तो जवळपास ५५० मिली होतो. छोट्या प्रमाणात ११० मिली. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते, म्हणून या टप्प्यात हूडमध्ये बर्नर नाही, हॉट प्लेट बंद.

पण खरा घोटाळा नंतर होतो. एका वर्षी मी दमलेल्या मुलांना बुडबुडे संपायच्या आधीच द्रावण ओतू दिले आणि बाटलीचे झाकण घट्ट लावले. रात्री झाकण उडाले. कुणी नव्हते, म्हणून कुणाला लागले नाही. हिशेब नंतर केला. एक ग्रॅम न विरघळलेले जस्त, बाटलीत भरपूर आम्ल, आणि द्रावणाच्या वर फक्त २०० मिली मोकळी जागा: ३७५ मिली हायड्रोजन त्या जागेत शिरतो, दाब वातावरणाच्या जवळपास तिप्पट होतो. तेव्हापासून माझ्या यादीत ही ओळ आहे: ‘बुडबुडे पूर्ण थांबल्यानंतर १० मिनिटे, वरचे द्रावण रंगहीन, मगच ओतायचे. ब बाटलीला हवा जाणारे झाकण.’ द्रावण अजून निळसर असेल तर तांबे संपलेले नाही, जस्ताचे आणखी दोन दाणे घालायचे. आणि तांब्यात न विरघळलेले जस्त राखाडी दाण्यांसारखे दिसते, ते असेल तर थोडे आम्ल घालून संपू द्यायचे. तसेच बरणीत भरले तर तोच वायू पुन्हा.

टाकाऊ द्रावणे

तीन बाटल्या कशासाठी ते आता कळेल. अ बाटलीत काळ्या ऑक्साइडवरचे आम्लारीयुक्त पाणी आणि धुण्याचे पाणी जाते: सोडियम हायड्रॉक्साइड, सोडियम नायट्रेट, थोडे तांबे. ब बाटलीत जस्त सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्ल. क मध्ये वाळलेले तांबे, जे पुढच्या वर्गाला पुन्हा वापरता येते. अ आणि ब एकत्र करण्याचा मोह होतो, आम्ल आणि आम्लारी एकमेकांना संपवतील म्हणून. संपवतात, पण सोबत उष्णताही देतात, आणि बंद बाटलीत ती नको. हे काम वर्ग संपल्यावर, मोठ्या भांड्यात, थोडे थोडे ओतून सहायकानेच करायचे, आणि पीएच तपासूनच.

सिंकचा रस्ता मात्र बंद. तांबे आणि जस्त दोन्हींचे क्षार जलचरांना अत्यंत विषारी असतात, माणसाला फारशी न जाणवणाऱ्या प्रमाणातही. ‘भरपूर पाण्यासोबत’ हे शब्द पुस्तिकेत असतील तर तेही लाल पेनाने खोडा. पातळ झालेला धातू नाहीसा होत नाही. बाटल्या कुणाला सोपवायच्या हे आपल्या ठिकाणच्या नियमाप्रमाणे ठरते, आणि ते नाव किंवा पद यादीत असायला हवे.

लेबलवर ‘वेस्ट’ एवढे पुरत नाही. आत काय आहे ते पूर्ण नावाने, आम्ल की आम्लारी, सुरुवातीची तारीख आणि कुणी भरली. नायट्रिक आम्ल सांडले तर सोडा बायकार्बोनेट टाका, फसफस थांबेपर्यंत. पेपर टॉवेलने पुसू नका: संहत नायट्रिक आम्ल कागदाला पेटवू शकते. पुसलाच असेल तर तो पाण्याने भिजवूनच वेगळ्या डब्यात.

यादी कधी रद्द होते

यादीच्या वरच्या कोपऱ्यात मी एक ओळ लिहितो: ‘०.१ ग्रॅम तांब्यासाठी, हूड सुरू असताना, पाच-पाच थेंबांच्या पद्धतीने.’ कुणी तांबे ०.३ ग्रॅम केले, जस्ताऐवजी ॲल्युमिनियम घेतले किंवा नायट्रिक आम्लाची नवी बाटली वेगळ्या संहतीची आली, तर ही यादी वापरायची नाही, हिशेबापासून सुरुवात. आणि प्रत्येक वर्गानंतर एक चिठ्ठी: कोणती ओळ कुणी चुकवली, कुठे गोंधळ झाला. पुढच्या वेळी ती ओळ बदलते, खाली तारीख येते. माझी आताची यादी सातव्यांदा दुरुस्त केलेली आहे, आणि मागच्या आठवड्यात एका मुलीने विचारले, ‘सर, काच कुठपर्यंत खाली घ्यायची ते आत कुठे लिहिलंय?’ लिहिलेले नव्हते. आता हूडवर पट्टी चिकटवली आहे.